दादा जेलमध्ये असताना त्याच्या फिटच्या गोळ्या आत कशा पोचवल्या

दादाला शाळेत असल्यापासून फिट येतात. गोळ्या चालू असल्या की वर्षानुवर्षं काही होत नाही, आणि म्हणूनच त्याला अटक झाली तेव्हा घरातल्या सगळ्यांच्या डोक्यात केस, वकील, जामीन एवढंच होतं आणि आईच्या डोक्यात मात्र पहिल्या मिनिटापासून गोळ्या. सकाळ-संध्याकाळ लेव्हेटिरासिटाम ५०० आणि रात्री झोपताना क्लोबाझाम १०. या दोन गोळ्यांनी मला जेल आतून कसं चालतं ते शिकवलं, म्हणून केसबद्दल काही न लिहिता फक्त तेवढंच लिहितेय, कारण त्या वेळी मी शोधत होते तेव्हा मला सगळीकडे जामिनाचीच माहिती मिळत होती.

पोलीस कस्टडीत असेपर्यंत तुलनेने सोपं होतं. पोलीस स्टेशनला चिठ्ठी दाखवली, त्यांनी मेडिकलला नेलं तेव्हा सरकारी डॉक्टरने पेपरवर लिहिलं, आणि ड्युटीवरचा हवालदार वेळेवर गोळी द्यायचा. खरी गडबड एमसीआर मिळाल्यावर होते, म्हणजे पोलीस कोठडी संपून न्यायालयीन कोठडी सुरू झाल्यावर. त्या संध्याकाळी माणूस जेलच्या ताब्यात जातो आणि पोलिसांकडे असलेली गोळ्यांची पिशवी गेटवरच थांबते. झडतीत कपडे, पैसे, पट्टा, सगळ्याची नोंद होते आणि औषध असेल तर ते बंद्याच्या हातात राहत नाही. हे कोणी छळायला करत नाही, जेलमध्ये गोळी म्हणजे नशाही असू शकते आणि जीव द्यायचं साधनही, त्यामुळे डॉक्टरच्या हातातूनच ती आत जाते.

आमच्या वकील मॅडमने एमसीआरच्या दिवशीच कोर्टात एक पानाचा अर्ज दिला होता. त्यात आजाराचं नाव, किती वर्षांपासून आहे, दोन्ही औषधांची मूळ नावं आणि डोस, उपचार करणाऱ्या डॉक्टरची चिठ्ठी जोडलेली, आणि मागणी एवढीच की जेल अधीक्षकांनी वैद्यकीय अधिकाऱ्यामार्फत तपासून हीच औषधं चालू ठेवावीत आणि जेलमध्ये उपलब्ध नसतील तर नातेवाइकांकडून स्वीकारावीत. मॅजिस्ट्रेटने अर्जावरच आदेश केला. मॅडमने लगेच सांगितलं की आदेश झाला म्हणजे जेलला कळलं असं नाही, तो दादाला जेलमध्ये पाठवणाऱ्या वॉरंटसोबत जायला हवा, नाहीतर टपालाने जाईल आणि मग तुम्ही वाट बघत बसाल. म्हणून कोर्टाच्या क्लार्ककडून सहीशिक्क्याची प्रत घेतली, एक प्रत दादाला नेणाऱ्या पोलीस पार्टीकडे दिली आणि एक मी स्वतः जेलच्या आवक खिडकीवर देऊन पोच घेतली. ती पोच पुढे फार कामाला आली.

जेलचा १८९४ चा जुना कायदा होता, त्यात आत आलेल्या प्रत्येक बंद्याची शक्य तितक्या लवकर वैद्यकीय तपासणी व्हावी असं लिहिलेलं होतं, प्रकृतीची नोंद आणि अंगावरच्या जखमा-खुणांसकट. ही तपासणी प्रत्यक्षात रांगेत होते, डॉक्टर विचारतो काही त्रास आहे का, आणि नवीन माणूस घाबरलेला असतो तो म्हणतो नाही साहेब. पहिल्यांदा आत जाणाऱ्याला बाहेर असतानाच सांगून ठेवायला हवं की बाबा तिथे लाजू नकोस, आजाराचं नाव आणि गोळीचं नाव तोंडपाठ ठेव आणि ते लिहून घेतलं का ते बघ. दादाला आम्ही ते कोर्टाच्या व्हरांड्यातच पाठ करायला लावलं होतं. त्याच्या हिस्ट्री तिकिटावर, म्हणजे जेलमध्ये प्रत्येक बंद्याचा जो कागद फिरतो त्यावर, फिटचा आजार अशी नोंद पहिल्याच आठवड्यात झाली आणि पुढची सगळी कामं त्या नोंदीच्या जोरावर झाली.

आता आतला दिवस कसा असतो ते सांगते, कारण ते कळल्याशिवाय गोळीची वेळ का चुकते ते कळत नाही. पहाटे बराक उघडतात, गिनती होते म्हणजे माणसं मोजतात, मग नळ, संडास, नाश्ता. सकाळचं जेवण बाहेरच्या मानाने बरंच लवकर. दुपारी काही वेळ पुन्हा बंदी, म्हणजे बराकीला कुलूप, मग परत उघडतात, आणि संध्याकाळचं जेवण उजेड असतानाच वाटून टाकतात कारण अंधार पडायच्या आत सगळ्यांना मोजून आत घालून कुलूप लावायचं असतं. एकदा कुलूप लागलं की सकाळपर्यंत नाही. बाहेर पहारा असतो पण चाव्या त्या पहारेकऱ्याकडे नसतात, त्या जमा होतात, आणि रात्री काही झालं तर आधी ओरडून शिपायाला बोलवायचं, त्याने अधिकाऱ्याला कळवायचं, अधिकारी चावी घेऊन येणार, मग कुलूप निघणार. फिट येणाऱ्या माणसासाठी या प्रत्येक गोष्टीला अर्थ आहे.

जेलच्या दवाखान्यातला कंपाउंडर औषध वाटायचा ते दिवसा दोनदा, सकाळी आणि बंदीच्या आधी. म्हणजे दादाची संध्याकाळची आणि झोपायची अशा दोन्ही गोळ्या त्याला पाच-साडेपाचलाच हातात मिळायच्या आणि समोरच गिळायला लावायचे. लेव्हेटिरासिटाम साधारण बारा तासांच्या अंतराने घ्यायची असते, सकाळी नऊला आणि संध्याकाळी साडेपाचला घेतली तर रात्रीचं अंतर साडेपंधरा तास होतं आणि पहाटे शरीरात औषध सगळ्यात कमी. त्यात बराकीतला लाइट रात्रभर चालू, गर्दीत झोप अर्धवट, आणि झोप मोडणं हे फिटसाठी स्वतःच एक कारण आहे. हे सगळं डॉक्टरला घरी सांगितलं तर कळतं, पण जेलमध्ये कोण सांगणार. दादाने मुलाकातीत ही वेळेची गोष्ट सांगितली तेव्हा मी आमच्या नेहमीच्या न्यूरॉलॉजिस्टकडून नवीन चिठ्ठी आणली ज्यात वेळा स्पष्ट लिहिल्या, सकाळी सहा, संध्याकाळी सहा, आणि शेवटी एक ओळ, औषध अचानक बंद केल्यास किंवा वेळ चुकल्यास झटके येऊ शकतात. जेलच्या डॉक्टरने ती वाचून सकाळचा डोस बराक उघडल्या उघडल्या करून दिला. एवढ्याने अंतर बारा-साडेबारा तासांवर आलं. म्हणजे भांडण न करता नुसत्या नीट लिहिलेल्या चिठ्ठीने काम झालं, हे मी मुद्दाम सांगतेय कारण मुलाकात खिडकीवर मी लोकांना शिपायाशी तास तास भांडताना बघितलंय आणि त्या शिपायाच्या हातात खरंच काही नसतं.

आता गोळ्या आत देण्याचं. पहिली गोष्ट, मुलाकातीच्या खिडकीवर औषध कोणी घेत नाही. कपडे वगैरे जे चालतं ते तिथे तपासून घेतात, औषध वैद्यकीय अधिकाऱ्यासाठी म्हणून वेगळं, अधीक्षकांच्या नावे अर्जासोबत. अर्जात बंद्याचं पूर्ण नाव, वडिलांचं नाव, केस नंबर आणि कोर्ट, बंदी क्रमांक माहीत असेल तर तो. सोबत चिठ्ठीची प्रत, मेडिकल स्टोअरचं बिल आणि कोर्ट आदेशाची प्रत. गोळ्या अख्ख्या स्ट्रिपमध्येच हव्यात. कापलेली स्ट्रिप, ज्यावरची बॅच किंवा एक्सपायरी गेली आहे, ती परत येते. सुट्ट्या गोळ्या डबीत भरून नेल्या तर परत. बिलावरचा बॅच नंबर आणि स्ट्रिपवरचा जुळतो का तेही बघतात, म्हणून घरात आधीचा उरलेला साठा नेऊ नका, ताजं बिल करून घ्या. माझ्यासमोर एका काकूंचं खोकल्याचं सिरप परत आलं, काचेची बाटली होती आणि सील उघडलेलं, त्या रडायला लागल्या, पण एक घोट घरी चाखून बघितलेलं औषध कुठलाच डॉक्टर घेणार नाही.

लेव्हेटिरासिटाम दुसऱ्या दिवशी आत गेली. क्लोबाझाम अडकली. याचं कारण मला नंतर कळलं, क्लोबाझाम ही झोपेच्या आणि चिंतेच्या गोळ्यांच्या कुटुंबातली आहे, नशेच्या पदार्थांच्या कायद्यात मनावर परिणाम करणाऱ्या औषधांची जी यादी आहे त्यात ती येते. जेलमध्ये अशा गोळीला किंमत असते, एखाद्याकडे स्ट्रिप आहे हे कळलं तर ती चोरीला जाते किंवा मागून घेतली जाते. त्यामुळे जेलचा डॉक्टर म्हणाला ही मी बाहेरून घेणार नाही, सरकारी हॉस्पिटलच्या डॉक्टरने लिहून दिली तर आमच्या साठ्यातून देतो. ऐकायला बरोबर, पण सरकारी हॉस्पिटलला न्यायचं म्हणजे पोलीस गार्ड लागतो, गार्ड मिळाला नाही की तारीख पुढे. आणि क्लोबाझाम एकदम थांबवणं हे फार वाईट, त्यानेच झटके सुरू होऊ शकतात, नुसती फिट थांबवणारी गोळी बंद झाली म्हणून नाही तर शरीराला त्या गोळीची सवय असते म्हणून.

इथे ती पोच कामाला आली. मॅडमने पुढच्या रिमांडला कोर्टासमोर अर्ज टाकला की आदेश अमुक दिवशी जेलला मिळाला आहे, ही त्याची पोच, एक औषध सुरू आहे आणि दुसरं बंद आहे, जेलकडून वैद्यकीय अहवाल मागवावा. कोर्टाने अहवाल मागवला की फाइल हलते, हे मी डोळ्यांनी बघितलं. अहवाल यायच्या आधीच दादाला गार्ड मिळाला, हॉस्पिटलमध्ये नेलं, तिथल्या डॉक्टरने क्लोबाझाम लिहून दिली आणि जेलच्या दवाखान्यातून ती रोज एक-एक गोळी समोर गिळायला लावून द्यायला लागले. मधल्या काळात त्याला एक फिट आली, रात्रीच. बराकीतल्या लोकांना त्याने आधीच सांगून ठेवलं होतं की मला असं झालं तर कुशीवर वळवा, डोक्याखाली कपडा ठेवा, तोंडात काही घालू नका आणि हातपाय दाबून धरू नका. त्यांनी तसंच केलं. कुलूप निघेपर्यंत फिट थांबलेली होती. नंतर त्याच्या तिकिटावर नोंद झाली आणि त्याची झोपायची जागा दारापाशी दिली, जिथून पहारेकऱ्याला दिसतं. दाराजवळची जागा म्हणजे येणं-जाणं, वारा, आवाज, बाकीच्यांना नको असते, आमच्यासाठी मात्र ती सगळ्यात सुरक्षित.

मुलाकातीचं सांगते. न्यायाधीन बंदी, म्हणजे ज्याची केस अजून चालू आहे, त्याला शिक्षा झालेल्या बंद्यापेक्षा जास्त वेळा भेटता येतं. आमच्याकडे आठवड्यातून एकदा मिळायची, प्रत्येक जेलचे वार आणि वेळा वेगळ्या आणि त्या गेटबाहेरच्या बोर्डावर असतात. आता ई-मुलाकातच्या सरकारी पोर्टलवर नाव नोंदवता येतं, व्हिडिओवर भेटही मिळते, कोविडच्या काळात प्रत्यक्ष भेटी बंद झाल्या तेव्हापासून ती जास्त वापरात आली. फॉर्ममध्ये बंद्याचं नाव जसं वॉरंटवर आहे तसंच टाकायचं. आमच्या दादाचं घरचं नाव आणि कागदावरचं नाव वेगळं, कागदावरचं टाकलं तरच सापडतं. भेटणाऱ्यांची नावं आणि नातं बंद्याने आत लिहून द्यायचं असतं, ते जुळलं पाहिजे, आणि ओळखपत्र मूळ हवं, मोबाइलमधला फोटो नाही. मोबाइल, पर्स सगळं बाहेर.

आत काच आणि इंटरकॉम. आजूबाजूला सगळे एकाच वेळी ओरडत असतात त्यामुळे पहिली पाच मिनिटं ऐकू येत नाही म्हणण्यातच जातात. मी एक सवय लावून घेतली, जाताना तळहाताएवढ्या कागदावर प्रश्न लिहून न्यायचे आणि पहिला प्रश्न कायम तोच, किती गोळ्या मिळाल्या आणि कोणत्या रंगाच्या. रंग यासाठी की कंपनी बदलली की गोळीचा आकार-रंग बदलतो, आणि फिटच्या औषधात कंपनी सारखी सारखी बदलू नये असं आमचे डॉक्टर म्हणतात. एकदा दादा म्हणाला सकाळी एकच छोटी पांढरी मिळते, ती मोठी लांबट नाही. विचारल्यावर कळलं की साठा संपला म्हणून २५० ची देत होते, अर्धा डोस. बंद्याला बिचाऱ्याला काय कळणार, गोळी मिळतेय एवढंच त्याला दिसतं. त्याच दिवशी बाहेरून ५०० च्या स्ट्रिप जमा केल्या. मुलाकातीत केसबद्दल शक्यतो बोलत नव्हतो, आजूबाजूला शिपाई असतात आणि ते त्यांचं कामच आहे. वकिलाची भेट वेगळी असते, तिथे शिपाई ऐकू येईल इतका जवळ उभा राहत नाही, केसचं बोलणं तिथेच.

पत्रांचं लोकांना वाटतं आता कोण लिहितं. पण आत पत्राची वाट फार बघतात आणि आमच्यासाठी तर ते औषधाचं रजिस्टर झालं होतं. दादा दर पत्रात तारीख घालून लिहायचा कोणत्या दिवशी कोणती गोळी चुकली. पत्र उघडून वाचलं जातं, येणारंही आणि जाणारंही, हे धरूनच लिहायचं. पत्त्यावर पूर्ण नाव, वडिलांचं नाव, न्यायाधीन बंदी, बंदी क्रमांक, बराक आणि मग जेलचा पत्ता. एकाच नावाचे चार-पाच जण असतात, क्रमांक नसला की पत्र फिरत राहतं. मराठीत लिहिलेलं लवकर सुटायचं कारण वाचणाऱ्याला ते लगेच वाचता येतं, माझ्या मामेभावाने इंग्रजीत चार पानं लिहिली होती ती बरेच दिवस टेबलावर पडून राहिली. साधं आंतर्देशीय पत्र बरं, पाकिटात फोटो, कागद, स्टिकर घातले की प्रश्न वाढतात.

पैशाचं थोडक्यात. रोख पैसे बंद्याच्या हातात कधीच जात नाहीत, त्याच्या नावाने जेलमध्ये खातं असतं, त्याला पीपीसी म्हणतात, आणि कँटीनमधून साबण, टूथपेस्ट, पोस्टाची पत्रं घेतली की त्यातून वजा होतात. आम्ही मनीऑर्डर करायचो, पत्ता पत्रासारखाच, क्रमांकासहित. दर महिन्याला कमाल किती जमा होईल याची मर्यादा असते, ती मुलाकात खिडकीवर विचारून घ्या कारण ती बदलत असते, जास्तीची रक्कम पडून राहते किंवा परत येते. काही जेलमध्ये आता खिडकीवर किंवा ऑनलाइनही भरता येतात. मनीऑर्डर पोचायला वेळ लागतो आणि खात्यात चढायला आणखी, म्हणून पहिले पैसे जितके लवकर पाठवाल तितकं बरं.

यात एक गोष्ट जीव तोडून सांगते. दादा आत गेल्यावर आठवड्याभरात आईला फोन आला, मी आतल्या साहेबांचा माणूस बोलतोय, तुमच्या मुलाला हॉस्पिटलच्या बराकीत ठेवायचंय, एवढे पैसे या नंबरवर टाका. दादाचा आजार त्याला माहीत होता. त्यामुळे आईला खरंच वाटलं. मी मॅडमला विचारलं, त्या म्हणाल्या जेलमध्ये वैद्यकीय अधिकारी ठरवतो कोण कुठे राहील, फोनवरच्या नंबरला पैसे टाकून काही होत नाही, आणि एकदा टाकले की दर आठवड्याला फोन येईल. तसंच आतल्या एखाद्या बंद्याच्या नातेवाइकांच्या खात्यात टाका, तो आत देईल, हेही नको, पकडलं गेलं तर अडकतो आपला माणूस. गेटवर चोरून गोळ्या किंवा मोबाइल आत पाठवायचा प्रयत्न तर सरळ गुन्हा आहे, त्याला कैद होऊ शकते, आणि औषध असलं तरी विनापरवाना आत नेलं की ते त्यातच मोजलं जातं.

वकील परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा. कोठडीत असलेल्या माणसाला मोफत वकील मिळतो, १९८७ च्या कायद्याने, त्यासाठी उत्पन्नाचा दाखला लागत नाही. जेलला भेट देणारे वकीलही तिथूनच येतात आणि औषधाचा अर्ज त्यांच्याकडून करून घेता येतो. आमच्या शेजारच्या रांगेतल्या एका ताईंनी नवऱ्याच्या इन्सुलिनसाठी तसंच केलं. इन्सुलिनला फ्रिज लागतो, सुई लागते, त्यामुळे ते बराकीत ठेवता येत नाही, दवाखान्यातच ठेवून वेळेला बोलावून द्यावं लागतं, आणि जेवणाची वेळ लवकर असल्याने इंजेक्शन आणि जेवण यांची वेळ जुळवून घ्यावी लागते. त्यांच्या अर्जात हे सगळं लिहिलेलं होतं म्हणून आदेशात ते आलं.

दादाला मधेच दुसऱ्या जेलमध्ये हलवलं तेव्हा पुन्हा पहिल्यापासून. आम्हाला कळलंच नाही, मुलाकातीला गेले तर खिडकीवर सांगितलं की बंदी वर्ग झाला. खात्यातले पैसे मागून आले, औषधांची नोंद त्याच्या कागदांसोबत गेली पण गोळ्या गेल्या नाहीत. सुदैवाने तोपर्यंत मी कोर्ट आदेश, दोन्ही चिठ्ठ्या, सरकारी हॉस्पिटलचा पेपर, बिलं आणि सगळ्या पोच यांच्या प्रतींचा एक संच कायम तयार ठेवत होते. तोच घेऊन दुसऱ्या दिवशी नव्या जेलच्या आवक खिडकीवर गेले आणि अर्ज दिला. सुटताना जेलच्या दवाखान्यातून चालू औषधांचा कागद आणि खात्यात उरलेले पैसे दोन्ही मागून घ्या. दादाचा क्लोबाझामचा डोस आत असताना सरकारी डॉक्टरने बदलला होता आणि तो कागद नसता तर घरी आल्यावर आम्ही जुनाच डोस सुरू केला असता.